खेकडा उरला, वाडी गेली

खेकडा हा प्राणी कोकणातल्या माणसाला परका नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की रात्री बत्ती घेऊन पऱ्ह्याच्या काठाने खेकडे धरीत हिंडण्यात ज्याचे बालपण गेले नाही, असा माणूस आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यांत शोधूनच काढावा लागेल. त्याची नांगी बोटाला कशी धरते हे आम्हांला ठाऊक आहे आणि त्याचे कालवण कसे लागते हेही ठाऊक आहे. अशा या घरच्या प्राण्यावर लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. ती पाळी एका बातमीच्या मथळ्याने आणली.

आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग बातम्या. बातम्या वाचण्याची पाळी एकेका विद्यार्थ्याकडे असते. त्याने वर्तमानपत्रातला मथळा आणि त्याखालच्या दोन ओळी तेवढ्या वाचायच्या, आणि नंतर त्याच पुढे दिवसभर फळ्यावर लिहून ठेवायच्या, अशी पद्धत मीच घालून दिलेली. शुक्रवार, ५ जुलै २०१९ ची सकाळ होती. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून मुले पडवीत उभी होती. त्या दिवशीच्या मुलाने खड्या आवाजात मथळा वाचला. त्याचा आशय असा होता, की धरण खेकड्यांनी फोडले. सगळी पडवी हसली. मुले हसली, शिक्षक हसले, मीही हसलो. एक मुलगा मात्र हसला नाही. त्याच्या मामाचे घर चिपळूण तालुक्यात, त्या धरणाच्याच बाजूला होते. त्या घरातली माणसे सुखरूप होती, हे मला नंतर कळले. पण त्या क्षणी त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही. आमच्याच जिल्ह्यात, तीनच दिवसांपूर्वी, एक वाडी झोपायच्या वेळी पाण्याखाली गेली होती आणि आम्ही खेकड्यावर हसत होतो.

हा दोष वाचणाऱ्या मुलाचा नव्हता. समोर जे छापले होते तेच त्याने वाचले. दोष ज्याने एवढ्या मोठ्या हकिगतीतून नेमका खेकडा वेचून वर ठेवला त्याचा, आणि ज्याने तो तसाच मुलाच्या तोंडी दिला त्याचा, म्हणजे माझाही. या लेखात मला भांडावयाचे आहे ते या वेचण्याशी.

प्रथम घडले काय ते सांगतो. तिवरे हे चिपळूण तालुक्यातले गाव. तिथे मातीचे धरण होते. मंगळवार, २ जुलै २०१९ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास, मुसळधार पावसात, ते फुटले. खालची भेंदवाडी पाण्याच्या लोंढ्यात सापडली. डझनभर घरे वाहून गेली. वीसहून अधिक माणसे बेपत्ता झाली आणि पुढचे कित्येक दिवस एकामागून एक मृतदेह सापडत राहिले. दोन दिवसांनी, म्हणजे ४ जुलैला, तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी या घटनेबद्दल पत्रकारांना जे सांगितले, त्यात खेकडे आले. खेकडे आले आणि दुसरे दिवशी सगळीकडे खेकडेच झाले. खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन त्यांना अटक करा, अशी मागणी करणारे आंदोलनसुद्धा झाले. साऱ्या देशाने तिवऱ्याचे नाव ऐकले ते खेकड्यांमुळे.

आता मंत्र्यांचे ते बोलणे नीट ऐका. मी त्यांचे शब्द उतरवीत नाही, आशय सांगतो. धरणाला पूर्वी गळती नव्हती. खेकडे मोठ्या संख्येने जमल्यावर गळती सुरू झाली. स्थानिक लोकांनी ती गोष्ट खात्याच्या लक्षात आणून दिली. खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यावर कामही केले. आणि तरीही दुर्दैवी घटना घडली. वाचकहो, यातले तिसरे वाक्य पुन्हा वाचा. गळती आहे हे स्थानिक लोकांनी खात्याला कळविले होते, हे खुद्द खात्याचा मंत्री सांगत होता. गावकरी आपल्या तक्रारीबद्दल स्वतः सांगतच होते. पण गावकऱ्याचे म्हणणे आणि मंत्र्याची कबुली यांत फरक आहे. धरण फुटण्यापूर्वी ते गळत असल्याचे सरकारला माहीत होते, ही गोष्ट त्या दिवशी वादातून बाहेर पडून कबुलीत आली होती. त्या संपूर्ण बोलण्यात बातमी होती ती ही. आणि पाचशे शब्दांचे आठ शब्द करताना नेमकी हीच गळून पडली.

ती का गळते हे कळायला मथळा कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. आमचे एक स्नेही आहेत. आयुष्यभर वर्तमानपत्रांत उपसंपादकी केली, आता निवृत्त होऊन गावी आले आहेत. दरवर्षी ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढला त्या दिवशी, पत्रकार दिन होतो. अशाच एका पत्रकार दिनाच्या समारंभानंतर चहा पिताना त्यांनी मला हा कारखाना समजावून सांगितला. बातमी लिहितो तो तालुक्याचा वार्ताहर. तो चिखल तुडवीत जागेवर जातो, माणसांशी बोलतो आणि चार-पाचशे शब्द पाठवितो. पण मथळा तो लिहीत नाही. मथळा लिहितो दूरच्या शहरात बसलेला उपसंपादक. त्याने ते गाव पाहिलेले नसते. त्याच्यापुढे पानाचा आराखडा असतो आणि त्यात मथळ्यासाठी रिकामी ठेवलेली एक पट्टी असते. पट्टी तीन रकान्यांची असेल तर अमुक इतकी अक्षरे, दोन रकान्यांची असेल तर त्याहून कमी. त्याखाली दोन ओळींचा गोषवारा. हे सारे त्याला दहा मिनिटांत करावयाचे असते आणि तशा पंधरा बातम्या त्याच्या टेबलावर पडलेल्या असतात. आकाशवाणीच्या ठळक बातम्या, दूरचित्रवाणीच्या पडद्याखालून सरकणारी पट्टी आणि आता मोबाइलवर बातमीच्या जागी दिसणाऱ्या दोन ओळी, यांची जात एकच.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही शाळेत सारांश शिकवता तो एक तृतीयांशाचा. आम्हांला करावा लागतो साठावा हिस्सा. पाचशे शब्दांतले आठ. तुम्ही करून बघा, म्हणजे कळेल.”

आव्हान रास्त होते, म्हणून मी करून पाहिले. एकट्याने नव्हे, नववीच्या वर्गाला बरोबर घेऊन. त्या वेळी छापून आलेल्या माहितीवरून मी सुमारे पाचशे शब्दांची सलग बातमी तयार केली. तिच्यात गाव होते, वेळ होती, बेपत्ता माणसे होती, गळतीची तक्रार होती, मंत्र्यांचे म्हणणे होते आणि चौकशी होणार असल्याचेही होते. मुलांना सांगितले, की आठ शब्दांत मथळा द्या आणि तीस शब्दांत दोन ओळी लिहा. जवळजवळ सगळ्या मुलांच्या मथळ्यांत खेकडा आला. मुले ती मुले, पण त्यांनी मोठ्यांनी केलेल्याच चुका केल्या, आणि त्या तीन प्रकारच्या होत्या.

पहिली चूक आकड्याची. बातमीत ‘बेपत्ता’ असा शब्द होता. बऱ्याच मुलांनी त्याचे ‘ठार’ केले. का केले म्हणून विचारले तर एकजण म्हणाला, “सर, ठार लहान शब्द आहे.” खरेच आहे, लहान आहे. पण बेपत्ता माणसाच्या घरी अजून कोणी तरी दाराकडे डोळे लावून बसलेले असते. तो शब्द बदलणारा उपसंपादक जागा वाचविण्यासाठी त्या घरातली आशा कापतो, आणि तीही स्वतःला ठाऊक नसलेल्या गोष्टीच्या जोरावर. शिवाय अशा प्रसंगी आकडा तासातासाला बदलत असतो. रात्री अकराला कागदावर उतरलेला आकडा सकाळी वाचकाच्या हातात पडेपर्यंत शिळा झालेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की आकड्याबरोबर वेळ घालायला जागा नसेल तर मथळ्यात आकडा घालूच नये. तो खालच्या दोन ओळींत न्यावा आणि ‘बुधवार सायंकाळपर्यंत’ असे दोन शब्द त्याच्या मागे ठेवावेत. जुना कागद पुन्हा कोणी उघडला, तरी तो खोटे बोलणार नाही.

दुसरी चूक सांगणाऱ्याची. ‘खेकड्यांमुळे गळती झाली, असे मंत्री म्हणाले’ या वाक्यातून मुलांनी प्रथम काय कापले? ‘असे मंत्री म्हणाले’ हे. वाक्य लहान करावयाचे म्हटले की शेपूट कापण्याकडे हात जातो, आणि मराठीत सांगणारा बहुधा शेपटातच असतो. पण तेवढे कापले की दाव्याची घटना होते. कोणी तरी काही तरी सांगितले, याचे ‘तसे घडले’ असे होऊन बसते.

हे आमच्या स्नेह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आम्ही अवतरणचिन्हे घालतो ना! एकेरी अवतरणात शब्द टाकला, की तो आमचा नव्हे, दुसऱ्याचा, हे वाचकाला कळते.” मी म्हटले, “अहो, आमचा मुलगा परिपाठात मथळा मोठ्याने वाचतो. अवतरणचिन्ह कसे वाचायचे ते मला सांगा.” त्यावर ते गप्प राहिले. आपल्याकडे वर्तमानपत्र आजही नुसते डोळ्यांनी वाचले जात नाही. चहाच्या टपरीवर एकजण वाचतो आणि चौघे ऐकतात. घरी नातू वाचतो आणि आजी ऐकते. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस विचारतो, “काय आलंय?” आणि आपण मथळा सांगतो. पानावरचे ते दोन बारीक टिंब कानापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतो तो शब्द. म्हणून शंका शब्दातच असली पाहिजे.

आणि तो शब्द मराठीने आपल्याला फुकट दिलेला आहे. ‘खेकड्यांनी धरण फोडले म्हणे.’ त्या ‘म्हणे’मध्ये केवढे बळ आहे! हे मी सांगत नाही, दुसरा सांगतो; आणि त्याचे मला पुरते पटलेले नाही, हे सगळे दोन अक्षरांत येते. आमच्या कोकणातली कोणतीही आजी हा शब्द जिथल्या तिथे वापरते. सुशिक्षित उपसंपादकाला तो गावंढळ वाटतो, चुगलीचा वाटतो. ठीक आहे, त्याला त्याची लाज वाटत असेल तर ‘दावा’ आहे. तोही दोन अक्षरांचा. मग जागा नाही हे कारण मी कसे मान्य करावे?

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळ्याच पत्रांनी सांगणारा कापला असे नाही. अनेकांनी खेकड्यांच्या शेजारी मंत्र्यांचे नाव ठळक छापले होते. तेवढ्याने ही दुसरी चूक टळली, हे खरे. पण तिसरी टळली नाही, आणि तिन्हींत मोठी ती हीच.

तिसरी चूक ‘आधी’ची. बातमी लहान होऊ लागली की तिच्यातला भूतकाळ प्रथम जातो. काल काय घडले ते राहते. त्याच्या आधी दोन महिने, दोन वर्षे काय चालले होते ते जाते. वर्तमानपत्राच्या लिहिण्याची रीतच तशी आहे. सर्वांत ताजे वर, त्याहून शिळे खाली आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात पार्श्वभूमी. पान जुळविताना जागा कमी पडली तर खालून कापत यायचे. त्यामुळे तक्रारीचा परिच्छेद नेहमी कात्रीच्या बाजूला असतो. तिवऱ्याच्या बाबतीत तर तो खाली राहण्याचेही कारण नव्हते. मंत्र्यांच्या त्याच दिवशीच्या, त्याच बोलण्यात तो वर आला होता. तरी खेकड्याने त्याला ढकलले. कारण तक्रार ही रोजची गोष्ट आणि खेकडा हा नवलाचा.

“पण खेकडा हास्यास्पद होता,” आमचे स्नेही म्हणाले. “आम्ही मंत्र्यांची खिल्लीच उडवली. आम्ही काही त्यांची बाजू घेतली नाही.”

माझे भांडण खरे म्हणजे इथेच आहे. त्यांनी खिल्ली उडवली, पण फायदा कोणाचा झाला? हसणारा माणूस प्रश्न विचारीत नाही. ‘खेकडा धरण फोडू शकतो का?’ या वादात सारा महाराष्ट्र आठवडाभर गुंतला. त्या वादात ‘गळती कोणत्या तारखेला कळविली? कोणत्या कचेरीत? त्यावर काय काम झाले? ते कोणी तपासले?’ हे चार प्रश्न बुडाले. मंत्र्यांची थट्टा झाली आणि खात्याची सुटका झाली. ज्यांना बोचावे म्हणून मथळा लिहिला, त्यांना तो पांघरुणासारखा उपयोगी पडला.

आणि खेकडा खरोखर इतका हास्यास्पद होता का? आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. तिवऱ्याला नेमके काय झाले यावर बोलायला ते तयार नव्हते. ते चौकशीचे काम, असे ते म्हणाले. पण मातीचे धरण म्हणजे काय, हे त्यांनी मला अंगणातल्या मातीवर रेघोट्या ओढून दाखविले. मातीच्या धरणातून थोडे पाणी नेहमीच झिरपते. ते निचऱ्याच्या वाटेने पायथ्याशी यावे अशी सोयच केलेली असते. हे पाणी नितळ असेल आणि रोज सारखेच येत असेल तर काळजी नाही. पण ते वाढू लागले, किंवा गढूळ येऊ लागले, की सावध व्हायचे. गढूळ पाणी म्हणजे ते आपल्याबरोबर आतली माती घेऊन येत आहे. कण निघाला की जागा होते, जागा झाली की पाणी जोराने येते, जोराने आले की आणखी कण निघतात. असे करीत पायथ्याकडून आत, तलावाच्या दिशेने, एक नळी पोखरली जाते आणि मग धरण काही तासांत जाते. उंदीर, घुशी, खेकडे यांनी केलेली बिळे ही अशा पाण्याला आयती वाट होऊ शकतात. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी धरणाच्या उतारावरून चालत जाऊन बिळे पाहावयाची, ती बुजवावयाची, झाडेझुडपे वाढली असतील तर काढावयाची, हे देखभालीचे नेहमीचे काम आहे.

म्हणजे पाहा, खेकडा ही अगदीच वेडगळ कल्पना नव्हती. मात्र ती ‘पाणी कुठून गेले?’ या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत होती, ‘पाहायचे कोणी होते?’ या प्रश्नाचे नव्हे. बिळे होती असे घटकाभर मानले, तर खात्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. हा एवढा फरक एका वाक्यात सांगता आला असता. पण मथळ्यात खेकडा गमतीचा म्हणून आला, त्यामुळे तो ना धड कारण म्हणून तपासला गेला, ना धड सबब म्हणून पकडला गेला. आणि ‘गळती’ हा शब्द, ज्याच्यामागे नितळ की गढूळ, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न उभा होता, तो दोन ओळींतही आला नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, नावे ठेवणे सोपे आहे, तुम्ही मथळा देऊन दाखवा. हा घ्या. ४ जुलैच्या रात्री उपसंपादकाच्या हातात जेवढे होते तेवढ्यातूनच दिला आहे, पुढे कळलेले काही त्यात घातलेले नाही.

‘तिवरे धरणाची गळती आधीच कळविली होती: मंत्री.’

सात शब्द. आणि खालच्या दोन ओळी: ‘स्थानिकांनी गळती लक्षात आणून दिली होती व खात्याने काम केले होते, असे जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले. गळतीला खेकडे कारण, हा त्यांचा दावा. चौकशी अजून व्हावयाची आहे.’ शब्द तीसच्या आत आहेत. खेकडा यातही आहे, मी त्याला हाकलून दिलेले नाही. मंत्री खरोखरच तसे बोलले होते, तेव्हा ते लपविणे हीही लबाडी झाली असती. फक्त तो त्याच्या जागी, दुसऱ्या वाक्यात, ‘दावा’ या शब्दाला बांधून ठेवला आहे. यातही उणीव आहे, हे मला दिसते. वाडीचे नाव आले नाही, रात्रीची वेळ आली नाही, माणसांची संख्या आली नाही. पण त्या तिन्ही गोष्टी त्याआधीच्या दोन दिवसांत छापून आल्या होत्या. त्या दिवशी नवे होते ते कबुलीचे वाक्य. आठ शब्दांत सगळे मावत नाही, हे उपसंपादकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मावत नाही म्हणूनच काय ठेवले त्याचा जाब द्यावा लागतो. सगळेच मावले असते तर निवड कसली आणि जाब कसला?

निवडीची एक साधी कसोटी मी आता वर्गात वापरतो. बातमीतला एकेक तपशील झाकायचा आणि विचारायचे, हा नसता तर वाचकाने उद्या वेगळे काही विचारले असते का? वेगळे काही केले असते का? खेकडा झाकला तर वाचकाची एक गंमत जाते, दुसरे काही जात नाही. ‘आधीच कळविले होते’ हे झाकले तर मात्र मोठा फरक पडतो. ज्या गावावर दुसरे एखादे मातीचे धरण आहे, त्या गावातला माणूस तो मथळा वाचून उद्या ग्रामपंचायतीत जाईल आणि आपल्या धरणाच्या पायथ्याशी पाणी कसे येते, ते विचारील. खेकड्याचा मथळा वाचून तो हसेल आणि पान उलटील. आमच्या जिल्ह्यात पाऊस उदंड आणि डोंगराच्या कुशीत वाड्या आहेत. त्या माणसाने जाऊन विचारणे ही माझ्या दृष्टीने कोणत्याही गमतीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

आमच्या स्नेह्यांचे शेवटचे उत्तर मी राखून ठेवले होते, ते आता सांगतो, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ते म्हणाले, “गळती कळवली होती, असा मथळा दिला असता तर तुम्ही तो वाचला असता का? खरे सांगा.” मी थोडा वेळ विचार केला आणि खरे सांगितले. बहुधा वरवर वाचून पुढे गेलो असतो. खेकड्यावर थांबलो, हसलो, आणि शेजाऱ्यालाही सांगितला. ते म्हणाले, “मग?” या ‘मग’ला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. थांबलो खरा, पण थांबून मला जे मिळाले ते बातमी नव्हते. मी बातमी वाचली असे मला वाटत राहिले, आणि ‘गळती कळविली होती’ हे मला कळले ते किती तरी दिवसांनी, वर्गासाठी ते सारे पुन्हा वाचताना. ज्या मथळ्याने मला थांबविले, त्यानेच मला पुढे वाचू दिले नाही. माझी भूक त्याने गमतीवर भागविली.

तेव्हापासून आमच्या फळ्यावर एक बदल केला आहे. मथळा आणि दोन ओळी लिहून झाल्या, की खाली मुलाने दोन प्रश्नांची उत्तरे लिहावयाची: हे कोणी सांगितले? आणि याच्या आधी काय झाले होते? पुष्कळदा ती उत्तरे मथळ्यात सापडत नाहीत. मग मुलाला आतले पान उघडावे लागते आणि खालचा परिच्छेद वाचावा लागतो. कधी कधी तिथेही ती सापडत नाहीत. तेव्हा मुलाने फळ्यावर ‘दिलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे, असा नियम आहे. हे दोन शब्द आमच्या फळ्यावर जितक्या वेळा लिहिले जातात, ते मथळे लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे असे मला फार वाटते. परिपाठ आता पाच मिनिटे लांबतो आणि मुख्याध्यापक त्याबद्दल कुरकुर करतात. ती मी ऐकून घेतो.

तो मुलगा शाळा सोडून गेला. पहिल्यांदा त्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहिण्याची पाळी मी मुद्दाम त्याच्यावर दिली होती. त्याने तिवऱ्याचीच बातमी घेतली. पहिल्या प्रश्नाखाली त्याने ‘मंत्री’ लिहिले. दुसऱ्याखाली लिहिले, ‘धरण गळत होते. लोकांनी सांगितले होते.’ आणि मग मला न विचारता, वर मथळ्यात जिथे नुसते ‘तिवरे’ होते, तिथे त्याने बारीक अक्षरात ‘भेंदवाडी’ हे नाव घातले.